परदेशात कार्डाने पैसे भरताना लागणारा मार्कअप: दुबईच्या एका बिलावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात कार्ड वापरलं की ‘बँकेने भरमसाट पैसे कापले’ अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. नेमकं कुणी, कशाचे आणि किती कापले हे मात्र स्टेटमेंट समोर असूनही बऱ्याच जणांना सांगता येत नाही. म्हणून इथे एकच बिल घेतलं आहे: दुबईतल्या दुकानात भारतीय बँकेच्या क्रेडिट कार्डावर भरलेले १,००० दिरहॅम. हिशेब सोपा जावा म्हणून १ दिरहॅम म्हणजे २४ रुपये असा दर धरला आहे. तुम्ही जाल तेव्हाचा दर वेगळा असेल, पण हिशेबाची रीत हीच.

दिरहॅमचे रुपये कोण करतं? दुकानदार, बँक की व्हिसा-मास्टरकार्ड?

सरळ व्यवहारात हे काम व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क करतं. दुकानातलं मशीन फक्त ‘१,००० दिरहॅम’ एवढाच निरोप पाठवतं. नेटवर्क आपल्या त्या दिवशीच्या दराने त्याचे रुपये करतं आणि तेवढी रक्कम तुमच्या बँकेकडून घेतं. हा दर साधारणपणे गूगलवर दिसणाऱ्या दराच्या जवळच असतो. थोडा फरक पडतो, पण डोक्याला हात लावावा इतका नाही.

त्यानंतर बँक त्या रुपयांवर स्वतःचं शुल्क लावते, त्याला मार्कअप म्हणतात. म्हणजे नेटवर्कचा दर ही एक गोष्ट आणि बँकेचा मार्कअप ही दुसरी. स्टेटमेंट वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

मार्कअप किती असतो, आणि जीएसटी नेमका कशावर लागतो?

भारतातल्या बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्के. जास्त वार्षिक फी असलेल्या बऱ्याच कार्डांवर २ टक्के किंवा त्याच्या आसपास. मार्कअप अजिबात न लावणारी कार्डंही आता मिळतात. १८ टक्के जीएसटी लागतो तो या मार्कअपवर, तुमच्या खरेदीवर नाही. ‘परदेशातल्या खरेदीवर सरकार १८ टक्के घेतं’ असं सांगणारे भेटतात, ते चुकीचं आहे.

आता आपलं बिल. १,००० दिरहॅमचे २४,००० रुपये झाले. साडेतीन टक्क्यांनी मार्कअप ८४० रुपये. त्यावर जीएसटी १५१ रुपये २० पैसे. एकूण २४,९९१ रुपये २० पैसे. म्हणजे खरा बोजा ३.५ नव्हे, तर ४.१३ टक्के. दोन टक्क्यांच्या कार्डावर हेच बिल २४,५६६ रुपये ४० पैशांना पडतं आणि शून्य मार्कअपच्या कार्डावर २४,००० रुपयांनाच.

काही बँका मार्कअप आणि जीएसटी स्टेटमेंटवर वेगवेगळ्या ओळींत दाखवतात. कधी कधी या ओळी मूळ खरेदीनंतर एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे आपण न केलेला खर्च लागलाय असं वाटतं. काही बँका मात्र मार्कअप मूळ रकमेतच मिसळतात आणि खाली फक्त जीएसटीची ओळ येते. तसं असेल तर रकमेला दिरहॅमने भागा. २४ ऐवजी २४.८४ येत असतील, तर मार्कअप आतच आहे.

मशीनवर रुपये आणि दिरहॅम असे दोन पर्याय आले. कोणता निवडायचा?

दिरहॅम. तुम्ही ज्या देशात आहात तिथलंच चलन.

तुमचं कार्ड भारतातलं आहे हे मशीनला कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरूनच कळतं. मग पडद्यावर एका बाजूला `AED 1,000.00` आणि दुसऱ्या बाजूला `INR 25,200.00` असं काहीतरी येतं. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, तोंडी सगळे डीसीसीच म्हणतात. यात रुपये नेटवर्क करत नाही. दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी स्वतःच्या दराने रुपये करते, आणि त्या दरातच आपला नफा धरते. वरच्या उदाहरणात दर २५.२० पडला, म्हणजे खऱ्या दरापेक्षा ५ टक्के जास्त. या नफ्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. काउंटरवरचा माणूस ‘रुपये करू ना सर, सोपं पडेल’ असं आवर्जून का म्हणतो, याचं उत्तर तिथे आहे.

रुपयांचा आकडा ओळखीचा असतो, किती कापले जाणार ते तिथेच पक्कं कळतं, म्हणून माणसं हो म्हणतात. घरातली मोठी माणसं तर हमखास. आई-वडिलांना टूरवर पाठवत असाल, तर बाकी काही समजावलं नाही तरी चालेल, पण ‘मशीनवर रुपये दिसले तर ते दाबायचं नाही’ हे मात्र नक्की सांगा.

रुपयांत भरलं तर बँकेचा मार्कअप तरी वाचेल ना?

इथेच बरेच जण फसतात. रुपयांत भरलेल्या परदेशी व्यवहारावरही भारतातल्या अनेक बँका वेगळं शुल्क लावतात. बऱ्याच ठिकाणी ते १ टक्का असतं, काही ठिकाणी जास्त, आणि त्यावर पुन्हा जीएसटी.

तेच बिल रुपयांत करून पाहू. मशीनने २५,२०० रुपये लावले. बँकेचं एक टक्का शुल्क २५२ रुपये, त्यावर जीएसटी ४५ रुपये ३६ पैसे. झाले २५,४९७ रुपये ३६ पैसे. दिरहॅममध्ये भरलं असतं तर ३.५ टक्क्यांच्या कार्डावरही २४,९९१ लागले होते. म्हणजे एका बटणाचे पाचशेच्या वर रुपये गेले. हातात शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर हे नुकसान जवळपास दीड हजाराचं. मुद्दाम शोधून घेतलेल्या कार्डाचा सगळा फायदा त्या बटणाने पुसला जातो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुमचं कार्ड ३.५ टक्क्यांचं असेल आणि रुपयांतल्या व्यवहारावर बँक एकच टक्का घेत असेल, तर मशीनचा दर खऱ्या दराच्या साधारण २.९ टक्क्यांपर्यंतच वर असताना दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. त्याहून कमी फरकात कुणी रुपये करून दिले, तर रुपये स्वस्त पडतील. पण डीसीसीचे दर इतके खाली क्वचितच असतात, आणि रांगेत उभं राहून हा हिशेब करण्यात हशील नाही. म्हणून दिरहॅम.

मशीनवरचा दर फुगवलेला आहे का, हे तिथल्या तिथे कसं ओळखायचं?

स्लिपवर दराची ओळ असते, पण ती बऱ्याचदा उलटी छापलेली असते: `1 INR = 0.0397 AED`. हे वाचून कुणाला काही कळणं कठीण. त्या ओळीच्या वाटेला न जाता रुपयांच्या आकड्याला दिरहॅमच्या आकड्याने भागा. २५,२०० भागिले १,०००, म्हणजे दर २५.२०. आता हा आकडा फोनवर दिसणाऱ्या दराशी ताडून पाहा.

दिरहॅमच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. अमिरातीचं चलन १९९७ पासून अमेरिकी डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेलं आहे. त्यामुळे डॉलरचा भाव माहीत असला की पुरे, त्याला ३.६७ ने भागायचं. डॉलर ८८ रुपयांच्या आसपास असेल तर दिरहॅम २४ च्या आसपास असणार. तिथे मशीन २५ च्या वर दर दाखवत असेल, तर तो कुणाच्या फायद्याचा आहे हे वेगळं सांगायला नको. थायलंडचा बात किंवा युरो असे बांधलेले नाहीत, तिथे फोनवरच दर पाहावा लागतो.

‘नो कमिशन’, ‘गॅरंटीड रेट’ असे शब्दही पडद्यावर दिसतात. कमिशन वेगळं घेतलेलं नसतं हे खरं, कारण ते दरातच धरलेलं असतं.

मला विचारलंच नाही, कॅशियरने परस्पर रुपये करून टाकले. आता काय करायचं?

असं होतं, आणि टॅप करून पैसे भरताना जास्त होतं. पर्यायाचा पडदा कॅशियरच्या बाजूला असतो आणि तो सवयीने हिरवं बटण दाबून मोकळा होतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही नियम याबाबत स्पष्ट आहेत: निवड कार्डधारकाचीच, दुकानदाराने ती परस्पर करायची नाही.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बँकेचा एसएमएस. मेसेजमध्ये `AED 1000` असं आलं तर व्यवहार दिरहॅममध्ये झाला. थेट `INR 25,200` आलं तर रुपये दुकानातच झाले. म्हणून काउंटर सोडण्याआधी मेसेज बघायची सवय लावा. रोमिंग बंद असेल तर हातातली स्लिप तरी वाचा.

तिथेच लक्षात आलं तर व्यवहार रद्द करायला सांगा. त्याला ‘व्हॉइड’ म्हणतात, हाच शब्द वापरा. ‘रिफंड’ म्हणू नका. व्हॉइडमध्ये मूळ व्यवहार पुढे जातच नाही. दुकानाने दिवसाचा हिशेब बँकेकडे पाठवेपर्यंत हे करता येतं. मग तेच बिल दिरहॅममध्ये पुन्हा भरा. रिफंडमध्ये मात्र आधी खरेदी लागते, मग परतावा येतो, आणि दोन्हींमध्ये दराचा फरक पडू शकतो.

हॉटेलवर परतल्यावर लक्षात आलं, तर स्लिप जपून ठेवा. त्यावर बहुधा ‘मला चलन निवडायची संधी दिली होती आणि मी रुपये निवडले’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापलेलं असतं. कधी कधी त्याखाली सही मागतात. संधी दिली नसेल तर सही करू नका. भारतात आल्यावर बँकेकडे लेखी तक्रार करा. नुसतं ‘जास्त पैसे कापले’ असं लिहिलं तर उत्तर येईल की रक्कम बरोबर आहे. ‘चलनाची निवड न देता डीसीसी केली, ही स्लिप’ असं लिहा, कारण नेटवर्कच्या नियमात याच कारणासाठी वाद दाखल करता येतो. स्लिपवर तुमची सही असेल, तर बँकेच्या हातात फारसं काही राहत नाही.

हॉटेलात चेक-इन करताना कार्ड घेतात, तेव्हा काय बघायचं?

तिथल्या फॉर्मवर बारीक अक्षरात एक चौकोन असतो, ‘बिल माझ्या कार्डाच्या चलनात करावं’ अशा अर्थाचा. काही ठिकाणी त्यावर आधीच खूण केलेली असते. रात्री उशिरा पोहोचलेला प्रवासी न वाचता सही करतो आणि चेक-आउटच्या वेळी बिल आपोआप रुपयांत होतं. सही करण्याआधी ती खूण काढायला सांगा. भाड्याची गाडी घेताना तर हे जास्तच जपा, कारण तिथे दंड आणि टोल तुम्ही परत आल्यावरही कार्डावर लागू शकतात.

डिपॉझिटबद्दल एवढंच विचारा की रक्कम फक्त अडवून ठेवणार आहात की खरोखर कापणार आहात. अडवून ठेवली तर चेक-आउटनंतर काही दिवसांत ती सुटते आणि त्यावर मार्कअप लागत नाही. कापून मग परत केली तर मार्कअप लागतोच.

वस्तू परत केली, पण पैसे कमी आले. दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. समजा, तुम्ही ते १,००० दिरहॅमचं घड्याळ आठवड्याने परत केलं. दुकानदाराने पूर्ण १,००० दिरहॅम परत पाठवले. पण तोवर दिरहॅम २३.८० वर आला होता, म्हणून तुमच्या कार्डावर २३,८०० रुपये जमा झाले. शिवाय मार्कअप आणि जीएसटीचे मिळून जे ९९१ रुपये २० पैसे गेले होते, ते बऱ्याच बँका परत देत नाहीत. एकूण खड्डा ११९१ रुपये २० पैशांचा. दुकानदाराकडे भांडून उपयोग नाही, त्याने त्याचे दिरहॅम पूर्ण दिले आहेत.

दिरहॅम वर गेला असता तर दराच्या फरकाने फायदाही झाला असता. मार्कअप मात्र तेव्हाही गेलेलाच. म्हणून जी खरेदी परत करायची शक्यता वाटते, ती शून्य मार्कअपच्या कार्डावर करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएमएसमधली रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम वेगळी का?

कार्ड टॅप केलं त्या क्षणी बँक अंदाजे रक्कम अडवून ठेवते. दुकानाकडून पक्का व्यवहार एक-दोन दिवसांनी येतो, आणि अंतिम रक्कम तेव्हा ठरते. या मधल्या दिवसांत दर बदलला असेल तर आकडा हलतो. २४ चा दर २४.१० झाला, तर आपल्या बिलात १०० रुपयांचा फरक पडेल. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर तो दराचा नसून मार्कअपचा किंवा डीसीसीचा असण्याची शक्यता जास्त.

पडताळून पाहायचं असेल तर व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर तारखेप्रमाणे दर दाखवणारा कॅल्क्युलेटर आहे. त्यात बँकेच्या शुल्काचा एक रकाना असतो. तिथे आधी शून्य टाका, म्हणजे नेटवर्कचा निखळ दर कळेल, मग स्टेटमेंटशी जुळवा. आजची तारीख टाकून जुना व्यवहार तपासू नका, ही चूक फार जण करतात.

एटीएममधून दिरहॅम काढले तर?

क्रेडिट कार्डाने काढूच नका. मार्कअप तर आहेच, वर रोख काढण्याचं शुल्क (अनेक बँकांत २.५ टक्के, आणि किमान काही शे रुपये) आणि त्याच दिवसापासून व्याज. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसते.

डेबिट कार्डाने काढताना दर वेळचं ठरावीक शुल्क आणि मार्कअप लागतो. शिवाय तिथल्या एटीएमची बँकही वेगळे पैसे घेऊ शकते. थायलंडमध्ये तर अनेक एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेच्या वर बात लागतात, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. त्यामुळे थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढलेले बरे. एटीएमवरही डीसीसी विचारतात आणि तिथले शब्द जरा घाबरवणारे असतात: `Continue without conversion` किंवा `Decline conversion`. नकार दिला तर व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. तसं होत नाही. कन्व्हर्जन नाकारलं तरी नोटा मिळतात, आणि रुपये नेटवर्कच्या दराने होतात.

फॉरेक्स कार्ड घेतलं की मार्कअपची कटकट संपते का?

कार्डात दिरहॅम भरले असतील आणि खर्च दिरहॅममध्ये केला असेल, तर हो. पण मार्जिन तेव्हाही जातं, फक्त आधी जातं: रुपये देऊन दिरहॅम भरताना बँक तुम्हाला जो दर देते, त्यातच ते असतं. तो दर फोनवरच्या दराशी ताडून पाहिल्याशिवाय ‘शून्य मार्कअप’ या शब्दांवर जाऊ नका. कार्डात डॉलर आणि खर्च दिरहॅममध्ये असं झालं, तर वेगळं क्रॉस-करन्सी शुल्क लागतं. परत आल्यावर उरलेले दिरहॅम बँकेला विकताना आणखी एकदा दराचा फटका बसतो, म्हणून लागतील तेवढेच भरा.

स्टेटमेंटवर टीसीएस दिसला, तो मार्कअपच का?

नाही, तो प्राप्तिकराचा आगाऊ भाग आहे आणि विवरणपत्रात वळता करता येतो. प्रवासात परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड एलआरएसच्या, म्हणजे परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेत आणायचं सरकारने मे २०२३ मध्ये ठरवलं होतं, पण २८ जून २०२३ रोजी ते पुढे ढकललं. डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा खर्च मात्र त्या मर्यादेत धरला जातो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेल्यावरच त्यावर टीसीएस लागतो, त्यामुळे दुबईच्या साध्या सहलीत तो सहसा आड येत नाही.

घरी बसून परदेशी साइटवर रुपयांत हॉटेल बुक केलं, तरी शुल्क का लागलं?

किंमत रुपयांत दिसली म्हणून व्यापारी भारतातला होत नाही. त्याचं खातं परदेशात नोंदलेलं असेल, तर बँकेच्या लेखी तो परदेशातला रुपयांचा व्यवहार ठरतो आणि वर सांगितलेलं एक टक्क्याचं शुल्क इथेही लागू शकतं. अशा साइटवर चलन बदलायची सोय असेल, तर दिरहॅममधली किंमत आणि रुपयांतली किंमत दोन्ही पाहा. शून्य मार्कअपच्या कार्डावर दिरहॅमच बरे पडतात.

निघण्याआधी बँकेला नेमकं काय विचारायचं?

आधी ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्डावर तो बंदच असतो, आणि तो तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो. दुकानातलं मशीन, टॅप, ऑनलाइन आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात. एटीएमचं गरज नसेल तर बंदच ठेवा.

मग कार्डाच्या शुल्कांचा तक्ता उघडा. मार्कअपची ओळ सगळेच वाचतात. त्याखाली किंवा कुठेतरी तळटीपेत परदेशातल्या रुपयांच्या व्यवहाराची ओळ असते, ती शोधा. तिथे एक टक्का आहे की जास्त, हे बघा. काही बँका तिथे पूर्ण मार्कअपच लावतात. आणि खरेदी परत केल्यावर मार्कअप परत मिळतो का, हे ईमेलवर विचारा. कस्टमर केअरचं तोंडी उत्तर घेऊ नका, कारण तक्रार पुढे नेताना तोच ईमेल कामी येतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. तिथे स्लिप, एसएमएस आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो.